न केलेली चोरी कबूल करावी का?

प्रश्न: माझा धाकटा भाऊ रावपुऱ्यात एका कापडाच्या पेढीवर गल्ला सांभाळायचा. महिनाअखेर ६२ हजार कमी निघाले आणि मालकाने फिर्याद दिली. कलम ३०६ लागलंय. तो २४ दिवस आत होता, आता जामिनावर आहे. बारा दिवसांपूर्वी कोर्टाने आरोप ठेवले. आमचे वकील म्हणतात, प्ली बार्गेनिंगचा, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षा घेण्याचा, अर्ज करू, मालकाला पैसे देऊ, आत काढलेले दिवस धरतील, दोन तारखांत सुटका. प्रतिज्ञापत्रावर सहीही घेतली, पण अजून दाखल केलेलं नाही. भाऊ म्हणतो, मी पैसे घेतले नाहीत. तो बँकेच्या परीक्षा देतोय. काय करावं? – एक बहीण, वडोदरा

उत्तर: ताई, आधी ते सही केलेलं प्रतिज्ञापत्र परत मागून घ्या. बाकीचं त्यानंतर.

‘दोन तारखांत सुटका’ हे अर्धसत्य आहे. खटला लवकर संपतो, पण संपतो तो दोषी ठरून. नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पहिलाच गुन्हा असेल तर प्ली बार्गेनिंगमध्ये कोर्ट तिच्या एक-षष्ठांश शिक्षा देऊ शकतं. सात वर्षांचे ८४ महिने, म्हणजे १४ महिने. आत काढलेले २४ दिवस त्यातून वजा होतील, पण तेवढ्याने १४ महिने फिटत नाहीत. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, म्हणजे प्रोबेशनवर, सोडणंही शक्य आहे आणि तुमच्या वकिलांच्या मनात बहुधा तेच असावं. पण ते न्यायाधीशांच्या हातात असतं, त्याचं वचन कोणी देऊ शकत नाही. शिवाय खटला पूर्ण चालून दोषी ठरला तरी पहिल्या गुन्ह्याला प्रोबेशन मागता येतं.

दुसरं, बँक. बँकिंग रेग्युलेशन ॲक्टच्या कलम १० प्रमाणे नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला बँक नोकरीत ठेवू शकत नाही, आणि मालकाकडची चोरी त्यात बसतेच. प्रोबेशन मिळालं तरी दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही. प्रोबेशनच्या कायद्यात अपात्रता दूर करणारं कलम १२ आहे, पण नोकरीच्या बाबतीत त्याच्या भरवशावर राहू नका. वर या निकालावर नेहमीचं अपीलही नाही. उरतो तो हायकोर्टातला रिट किंवा सुप्रीम कोर्टाची विशेष परवानगी. मग भावाने वर्षभराने ‘मी दबावाखाली सही केली’ म्हटलं, तर ते सिद्ध करायचं ओझं त्याच्याच डोक्यावर.

ही भीती नवी नाही. १९८० मध्ये गुजरातमधल्याच भेसळीच्या एका खटल्यात, कासमभाई शेख प्रकरणात, सुप्रीम कोर्टाने अशा सौद्यावर झालेली शिक्षा रद्द केली होती. लांबलेल्या खटल्याच्या त्रासापेक्षा कबुली बरी म्हणून निर्दोष माणूसही गुन्हा कबूल करेल, ही चिंता त्या निकालात आहे. पुढे २००६ पासून कायद्यानेच याला वाट दिली, आणि माझ्या मते ते योग्यच झालं. ज्याने खरंच पैसे उचलले आणि पुरावाही पक्का आहे, त्याने वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या का झिजवाव्यात? आरोप ठेवल्यापासून ३० दिवसांत अर्ज, मग तडजोडीला जास्तीत जास्त ६० दिवस. फिर्यादीला पैसे मिळतात, साक्षीदारांचे हेलपाटे वाचतात. तुमच्या भावाला मात्र ही वाट लागू नाही, कारण तो म्हणतो मी केलंच नाही.

अर्ज दाखल झालाच असेल तरी घाबरू नका. न्यायाधीश आरोपीला बंद दाराआड, फिर्यादी आणि सरकारी वकील बाजूला ठेवून विचारतात की अर्ज स्वेच्छेने केला का. तिथे भावाने सरळ सांगावं: घरच्या ताणामुळे सही केली, चोरी केलेली नाही. मग अर्ज बाजूला पडतो आणि खटला होता तिथून पुढे चालतो. अर्जातलं म्हणणं त्याच्याविरुद्ध इतर कशासाठी वापरता येत नाही. अडचण एवढीच की घाबरलेला मुलगा तिथेही शिकवलेलं ‘हो साहेब’ म्हणून मोकळा होतो. त्याची तयारी तुम्ही करून घ्या.

आता मुद्द्याचं. मालकाला पैसे घेऊन प्रकरण मिटवायचंच असेल, तर ३०६ ची चोरी कोर्टाच्या परवानगीने मालकाबरोबर तडजोडीने मिटवता येते, आणि त्याचा परिणाम निर्दोष सुटका असा होतो. पैसे तेवढेच, निकाल उलटा. तडजोडीच्या कागदात ‘चोरी कबूल’ असे शब्द येऊ देऊ नका. मालक तयार झाला नाही, तर त्याला पैशांपेक्षा शिक्का हवा आहे असं समजा.

आणि पुरावा तपासा. गल्ल्याच्या किल्ल्या किती जणांकडे होत्या? रोजमेळ कोण लिहायचं, आणि रोजची तूट महिनाअखेरपर्यंत कोणाच्याच नजरेस कशी आली नाही? सीसीटीव्ही असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडलंय का? भावाकडून काही जप्त झालं का? यातलं काहीच नसेल, तर फिर्यादीची बाजू वाटते तेवढी भक्कम नाही. वकील ऐकत नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन १५१००.

तीस दिवसांची मुदत टळली म्हणून नुकसान नाही. तडजोडीला ती मुदत लागू नाही; निकाल लागेपर्यंत कधीही करता येते.