ड्रिलला लॅपटॉपचे सेल का चालत नाहीत?

प्रश्न: जालन्यात फॅब्रिकेशनचं दुकान आहे. ड्रिलच्या पॅकमधले १५०० एमएएचचे पाच सेल गेले म्हणून जुन्या लॅपटॉपचे २६०० चे लावले. बीट लोखंडात अडकली की ड्रिल बंद पडतं, पॅकही तापतो. जास्त क्षमतेचे सेल कमी कसे पडतात?

उत्तर: भाऊ, आधी ते सेल ड्रिलमधून काढा, मग पुढचं वाचा.

एमएएच म्हणजे सेलमधला साठा. तो किती झपाट्याने बाहेर येतो, ही वेगळी गोष्ट. बीट अडकली की ड्रिल सहज २० अँपिअर ओढतं, आणि सेल सिरीजमध्ये असल्याने ते प्रत्येकातून जातात. जुन्या लॅपटॉप सेलचा अंतर्गत रोध ६५ मिलीओहम धरला, तर १.३ व्होल्ट सेलच्या आतच खर्च होतात. ३.६ मधले २.३ उरले की संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. वर प्रत्येक सेलमध्ये २६ वॅट उष्णता. रोध २० मिलीओहम असता तर घट ०.४ व्होल्ट आणि उष्णता ८ वॅटच झाली असती.

जुन्या लॅपटॉपच्या सेलमध्ये कॅथोड, म्हणजे धन टोकाचा पदार्थ, बहुतेक लिथियम कोबाल्ट ऑक्साइडचा असतो. त्यात लिथियम थरांच्या मधूनच सरकतं, वरखाली वाट नाही. पण हा पदार्थ दाबून घट्ट बसतो, म्हणून थोड्या जागेत भरपूर ऊर्जा मावते. फोनला तेच हवं: जागा थोडी, खर्च दिवसभर हळूहळू. तापला की मात्र हा कॅथोड ऑक्सिजन सोडतो आणि आत आग धरू शकते. काढा म्हणालो ते यासाठी.

मँगनीज स्पिनेल या दुसऱ्या प्रकारच्या कॅथोडमध्ये लिथियमला तिन्ही दिशांनी वाटा असतात, त्यामुळे मोठा करंट सहज निघतो आणि उष्णताही तो जास्त सोसतो. साठा मात्र कमी, ग्रॅमला साधारण १०० ते १२० एमएएच. ड्रिलच्या सेलमध्ये तो म्हणून वापरतात, बऱ्याचदा आणखी एखाद्या कॅथोडमध्ये मिसळून. शिवाय अशा सेलमध्ये इलेक्ट्रोडचा लेपही पातळ ठेवतात, रोध त्यानेही उतरतो. याचं वैरी आपलं ऊन. तापलेल्या सेलमध्ये मँगनीज इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतं, ऋण टोकाच्या ग्राफाइटवर जाऊन बसतं आणि क्षमता कायमची जाते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये भरलेला पॅक ठेवू नका.

निकेल कोबाल्ट ॲल्युमिनियम या तिसऱ्या प्रकारच्या कॅथोडमध्ये ग्रॅमला १८० ते २०० एमएएच मिळतात. २०१२ च्या टेस्ला मॉडेल एसमध्ये हेच होतं. तिच्या ८५ किलोवॅट-तासाच्या पॅकमध्ये ७,१०४ सेल, ७४-७४ समांतर जोडलेले. गाडीने ३०० अँपिअर ओढले तरी एका सेलच्या वाट्याला चारच येतात. म्हणून तिथे प्रत्येक सेलच्या जोरापेक्षा वजनामागचा साठा मोलाचा. पण निकेल जास्त असल्याने तोही उष्णतेला नाजूक, म्हणून गाडीत द्रव फिरवून पॅक थंड ठेवतात. तुमच्या पाच सेलच्या डब्यात ना ती वाटणी, ना ते थंडावणं.

नवे सेल घेताना डेटाशीटमध्ये 'सलग डिस्चार्ज करंट' बघा. २० अँपिअर किंवा वर हवा, क्षमता १५०० असली तरी चालेल. पाचही सेल एकाच मॉडेलचे, नवे घ्या आणि टॅब स्पॉट वेल्डिंगनेच लावा, सोल्डरने नको.