खासगी लोकांचं कृत्य देशाचं कधी ठरतं?

प्रश्न: पुण्यात लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. सरकारी नसलेल्या लोकांनी काही केलं तर देश कसा काय जबाबदार?

उत्तर: एरवी नसतोच. तेहरान ओलीस खटला वाच. ४ नोव्हेंबर १९७९ ला विद्यार्थ्यांनी तिथल्या अमेरिकी दूतावासाचा ताबा घेतला. सरकारने त्यांना तसं सांगितल्याचं सिद्ध झालं नाही, म्हणून आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तो हल्ला इराणचा मानला नाही. नंतर इराणचे नेते खोमेनी यांनी विद्यार्थ्यांचं केलेलं अभिनंदनही त्यासाठी पुरेसं ठरलं नाही. तरीही इराण सुटला नाही, कारण दूतावासाचं रक्षण न करणं ही सरकारची स्वतःची कसूर होती. उत्तरपत्रिकेत हे दोन मुद्दे एकत्र करू नकोस. पुढे १७ नोव्हेंबरच्या फर्मानात खोमेनींनी ओलीस धरून ठेवण्याला अधिकृत मान्यता दिली, आणि तेव्हापासून ते कृत्य थेट इराणचं झालं.