गिटार फोडण्याची सुरुवात एका बुटक्या छतामुळे झाली

प्रश्न: अमेरिकेतल्या कोचेला संगीत महोत्सवात गायक एपी ढिल्लोंने गिटार आपटून फोडली, त्यावर आपल्याकडे बराच गदारोळ झाला. हे रॉकवाले वाद्य का फोडतात? सुरुवात कुणी केली? आणि दर वेळी खरंच महागडी गिटार फुटते का?

उत्तर: दसऱ्याला तबला-पेटीला हळदकुंकू वाहणाऱ्या घरात वाढलोय, त्यामुळे ते दृश्य बघताना आजही पोटात कालवतं. पण यामागची गोष्ट मजेशीर आहे.

१९६४ साली लंडनजवळच्या हॅरोमध्ये, 'रेल्वे हॉटेल' नावाच्या पबात 'द हू' हा बँड नेमाने वाजवायचा. त्यांचा गिटारवादक पीट टाउनशेंड अँपसमोर गिटार हलवून, उंचावून फीडबॅकचे, म्हणजे अँपचाच आवाज गिटारमध्ये परत शिरून घुमणारे आवाज काढायचा. छत बुटकं होतं. एका रात्री गिटार उंचावताना नेकचं, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याचं टोक छतात घुसलं आणि तुटलं. तो सांगतो की समोरचे काही जण चक्क हसले. आता हसं झालंच आहे म्हटल्यावर पठ्ठ्याने उरलेल्या गिटारचे तुकडे केले, दुसरी बारा तारांची रिकेनबॅकर गिटार उचलली आणि हे असंच ठरलं होतं अशा थाटात वाजवत राहिला.

पुढच्या आठवड्यात लोक तेच बघायला आले. त्याने गिटार फोडली नाही, तर ड्रमर कीथ मूनने आपला ड्रमसेट लाथाडला. अपघाताचा 'आयटम' झाला तो इथे. टाउनशेंड ईलिंगच्या आर्ट कॉलेजात शिकला होता. तिथे गुस्ताव मेट्झगर या कलावंताचं व्याख्यान त्याने ऐकलं होतं. कलाकृतीने स्वतःचाच नाश करावा, अशी मेट्झगरची मांडणी होती. त्यामुळे या तोडफोडीला नंतर एक वैचारिक अस्तरही मिळालं. माझ्या मते आधी छत, मग तत्त्वज्ञान.

आता पैशांचं. रिकेनबॅकर तेव्हाही महाग होती आणि टाउनशेंड ती हप्त्यांवर घ्यायचा. म्हणजे गिटारचे तुकडे झाले तरी हप्ते चालूच! बँड बरीच वर्षं कर्जात होता. म्हणून तो पुढे फेंडर कंपनीच्या गिटारकडे वळला, तर ते मला शहाणपणाचंच वाटतं. फेंडर स्ट्रॅटोकास्टरची बॉडी भरीव लाकडाची असते आणि नेक तिला चिकटवलेला नसतो, मागून चार स्क्रूंनी कसलेला असतो. आपटल्यावर बहुतेक वेळा नेक बसतो ती खाच फाटते किंवा नेक निखळतो. शाबूत नेक दुसऱ्या बॉडीला कसला की गिटार उद्याच्या शोला तयार. उलट गिब्सन गिटारचा नेक चिकटवलेला असतो आणि खुंट्या असलेलं त्याचं टोक, म्हणजे हेडस्टॉक, मागे कललेला. ती स्टँडवरून नुसती पडली तरी तिथे तडकते, मग आपटल्यावर काय राहणार? आणखी एक गोष्ट लक्ष देऊन ऐका: गिटार फोडताना तिची वायर काढत नाहीत. तारा लोंबत असल्या तरी आवाज टिपणारा पिकअप चालू असतो, त्यामुळे प्रत्येक दणका अँपमधून घुमतो.

'महागडी फुटते का' याचं उत्तर गिटारवादक जिमी हेंड्रिक्सकडे बघून द्यावं. जून १९६७ मध्ये माँटेरे फेस्टिव्हलला आधी कोण वाजवणार यावरून त्याचं आणि 'द हू'चं जुंपलं, शेवटी नाणं उडवलं गेलं. 'द हू' आधी गेले आणि तोडफोड करून मोकळे झाले. त्यावर कडी करायची म्हणून हेंड्रिक्सने लायटरचं द्रव ओतून गिटार पेटवली. पण जवळजवळ सगळा कार्यक्रम त्याने काळ्या स्ट्रॅटोकास्टरवर वाजवला होता. शेवटच्या गाण्याला त्याने स्वतः रंगवलेली दुसरी गिटार घेतली आणि जळाली ती हीच. आजही शेवटच्या गाण्याआधी गिटार बदलली की मी समजतो, हिचे दिवस भरले!

नेहमीच असं ठरवून होतं असंही नाही. १९७९ मध्ये न्यू यॉर्कच्या पॅलेडियममध्ये 'द क्लॅश' या बँडच्या पॉल सिमोननने बास गिटार फोडली, कारण रखवालदार लोकांना खुर्चीतून उठू देत नव्हते आणि त्याचं डोकं फिरलं. ती गिटार त्याच्याकडच्या चांगल्यांपैकी होती. फोटो मात्र अल्बमच्या कव्हरवर गेला आणि अजरामर झाला.

स्टेजवरून गर्दीत उडी घ्यायची, म्हणजे स्टेज डायव्हिंगची जात वेगळी. त्यात वाद्याऐवजी स्वतःचं अंग पणाला लागतं. १९७० मध्ये सिनसिनाटीच्या फेस्टिव्हलला गायक इगी पॉप गर्दीत उतरला. लोकांनी त्याला हातांवर उचलून धरलं, तो त्यांच्या तळव्यांवर उभा राहिला आणि अंगाला पीनट बटर फासू लागला. टीव्हीवर दाखवलं गेल्यामुळे ते लांबवर पोचलं. ऐंशीच्या दशकात हार्डकोर पंकच्या छोट्या क्लबांत प्रेक्षकच स्टेजवर चढून उड्या मारू लागले. तिथे ते जमतं, कारण स्टेज बुटका असतो आणि गर्दी त्याला अगदी खेटून उभी असते. मोठ्या मैदानात स्टेज आणि कठड्यामध्ये सुरक्षारक्षकांसाठी मोकळी जागा सोडतात. तिथे उडी घेतली तर झेलायला हात नसतात, खाली असते फक्त जमीन.