रबरी पट्टी घेण्याआधी फट मोजा

दार आणि चौकटीमधली फट बुजवायला रबरी पट्टी लावणार असाल, तर दुकानात जाण्याआधी ती फट मोजा. मुलांच्या खेळण्यातली माती प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून चौकटीवर ठेवा, कडी लागेपर्यंत दार बंद करा आणि दबलेल्या मातीची जाडी बघा. समजा बिजागरीकडे २ मिमी आणि कडीकडे ४ मिमी आली, तर पी आकाराची, म्हणजे कापलेल्या टोकाकडून इंग्रजी पी अक्षरासारखी दिसणारी पट्टी घ्या. ती साधारण २ ते ५ मिमी भरते. जाड असलेली बरी म्हणून डी आकाराची लावलीत, तर बिजागरीकडे ती पुरती दबणार नाही आणि कडी लावायला रोज दार रेटावं लागेल. रबर ईपीडीएम नावाच्या कृत्रिम प्रकारचं बघा, फोम लवकर चपटा होतो. मागचा गोंद बहुतेकदा धुळीमुळेच सुटतो, म्हणून चौकट स्पिरिटने पुसून वाळू द्या. चिकटवताना पट्टी ताणू नका, नंतर ती आखडते आणि कोपऱ्यात फट पडते. पोपडे आलेल्या रंगावर मात्र कुठलाच गोंद टिकणार नाही. आधी ते खरवडा.