पिकअपसाठी स्क्रिप्टवर खुणा कशा करायच्या?

प्रश्न: ऑडिओबुक वाचताना मध्येच एखादं वाक्य चुकतं. नंतर तेवढंच वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून, म्हणजे पिकअप घेऊन, बसवलं की ठिगळ लावल्यासारखं ऐकू येतं. खुणा नेमक्या कशा करता?

उत्तर: फक्त चुकलेल्या वाक्याखाली रेघ मारत असाल, तर ठिगळ दिसणारच. मी प्रत्येक पिकअपसाठी तीन जागा दाखवते: वाचायला कुठून सुरुवात करायची, नवा आवाज कुठून घ्यायचा आणि जुन्या टेकमध्ये, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगमध्ये, परत कुठे शिरायचं. पहिली आणि दुसरी जागा एकच धरली जाते, आणि बहुतेक गडबड तिथूनच सुरू होते.

एक उतारा घेऊ:

"पाकीट उघडलं तर आत काहीच नव्हतं. त्याने ते पुन्हा पुन्हा झटकून पाहिलं. मग तो तिथेच खाली बसला."

समजा दुसऱ्या वाक्यातला 'झटकून' नीट उमटला नाही. मी वाचायची खूण 'पाकीट'च्या आधी करते, कारण आधीचं वाक्य वाचल्याशिवाय त्याची निराशा आवाजात येत नाही. ते वाक्य नंतर टाकूनच द्यायचं असतं, तरी पुटपुटायचं नाही, पूर्ण जोर लावून वाचायचं. नवा आवाज 'त्याने'पासून घ्यायचा, म्हणून तिथे चौकटी कंस सुरू होतो आणि 'पाहिलं'नंतर बंद होतो. पण वाचन तिथे थांबत नाही, 'मग तो तिथेच' इथपर्यंत जायचं. पुढे काही यायचंय हे ठाऊक असेल तर 'पाहिलं'चा सूर अधांतरी राहतो. तिथेच थांबायचं ठरवलं की आपण नकळत परिच्छेद संपल्यासारखा सूर खाली टाकतो. ठिगळ बहुतेक वेळा या शेवटच्या शब्दावरच पकडलं जातं.

कंस कुठे उघडायचा तेही अक्षर बघून ठरवा. क, ट, त, प अशा अक्षरांआधी तोंड क्षणभर बंद होतं आणि आवाजाच्या आलेखात, म्हणजे वेव्हफॉर्ममध्ये, बारीकशी शांतता दिसते. तिथला काप लपतो. 'त्याने'चा त त्या दृष्टीने सोयीचा. स्वर, म, न किंवा ल यांच्या मधोमध कापलं तर सहसा कळतं. मूळ वाक्य "...झटकून पाहिलं आणि मग तो..." असं एका श्वासात वाचलेलं असतं, तर 'पाहिलं'नंतर कंस बंद करून भागलं नसतं, कारण 'लं' आणि 'आ' एकमेकांत मिसळलेले असतात. अशा वेळी कंस पुढच्या 'तो'पर्यंत, म्हणजे पुन्हा एका त पर्यंत ढकलायचा. चार शब्द जास्त वाचावे लागले तर लागले.

कंसाच्या तोंडाशी मी श्वासाची खूणही करते: श्वास जुन्या टेकमधला ठेवायचा की नव्यातला. हे ठरवलं नाही तर एडिटमध्ये दोन श्वास लागोपाठ येतात, नाहीतर एकही उरत नाही. समासात 'हळू, दबका' असे दोनच शब्द लिहिते. त्याहून जास्त लिहिलं तर माईकसमोर वाचवत नाही.

टेक चालू असतानाच चूक कळली तर कागदाकडे वळू नका. लय तिथेच तुटते. ऑडासिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डिंग चालू असताना `Ctrl+M` दाबलं की लेबल पडतं. कीबोर्ड लांब असेल तर एक टाळी वाजवा, वेव्हफॉर्ममध्ये उभी रेघ दिसते. मग एक वाक्य मागे जाऊन पुढे वाचत राहा. सविस्तर खुणा नंतर, ऐकताना करायच्या.

पिकअप घेण्याआधी त्या जागेच्या आधीचं जुनं रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐका आणि लगेच त्याच वेगात सुरू करा. ऑडासिटीतलं `Punch and Roll Record` (`Shift+D`) हेच करतं: आधीची काही सेकंदं ऐकवतं आणि कर्सरपासून नवं रेकॉर्ड करतं. मात्र कर्सरपुढचं जुनं ते पुसून टाकतं, म्हणून ते टेक चालू असतानाच बरं. पूर्ण झालेल्या प्रकरणातल्या पिकअपसाठी वेगळा ट्रॅक घ्या, कंसावर कापा आणि जोडावर साधारण 10 मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या, म्हणजे एक आवाज विरत असतानाच दुसरा चढत येईल.

खुणांनी न सुटणारी गोष्ट म्हणजे आवाजाचा पोत. सकाळचा घसा आणि संध्याकाळचा घसा वेगळा ऐकू येतो, आणि माईकपासूनचं अंतर चार बोटं बदललं तरी खर्ज बदलतो. शक्यतो मूळ टेकच्याच वेळेला बसा आणि अंतर स्क्रिप्टच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. जोड तपासताना स्क्रीनकडे बघू नका, काप दिसत असला की तो ऐकूही येतोय असं वाटतं. आणि एका परिच्छेदात तीन-चार कंस पडले असतील तर खुणा खोडून अख्खा परिच्छेद पुन्हा वाचा, वेळ कमी लागतो.