बाराव्या रेपला थांबू नकोस

काल वाशीच्या जिममध्ये तू लेग एक्स्टेंशनचा सेट 12 वर थांबवलास, तेव्हा बारावा रेपही पहिल्याच वेगाने वर गेला. म्हणजे अजून पाच-सहा तरी शिल्लक होते. हलक्या वजनाला शरीर आधी स्नायूंतले लहान, चिवट तंतू कामाला लावतं. ते दमत गेले की मगच मोठे, जोरकस तंतू कामाला येतात, आणि वाढायला जास्त वाव त्यांनाच असतो. पूर्ण जोर लावूनही वजन संथ होऊ लागलं, की मोठे तंतू कामाला लागले असं समज. मग एक-दोन रेप्स राखून थांब. किती शिल्लक आहेत याचा अंदाज बसेपर्यंत याच मशीनवर शेवटचा सेट पार अडेपर्यंत कर. स्क्वॉटला मात्र हे नको, तिथे दमल्यावर पाठ वाकते. जेमतेम सहा रेप्स निघतील एवढ्या जड वजनाला मोठे तंतू जवळपास सुरुवातीपासूनच लागतात, त्यामुळे तिथे दोन-तीन राखलेस तरी चालेल.