मशीनला पैसे पुरतील, पण पहिले बिल वसूल होईपर्यंत?

प्रश्न : मी आयटीआय टर्नर, वय ३५. चाकणला धातू कापणारी व्हीएमसी मशीन चालवतो, पगार ३२ हजार. ९ लाख साठवलेत. जुनी व्हीएमसी ८.५ लाखांना मिळतेय, भोसरीत शेड १८ हजार भाड्याने. आमच्या ओळखीची कंपनी ४०० रुपये तासाने काम देणार आहे, पैसे ९० दिवसांनी. वर्षाला ६० हजारांची गॅरंटीड पॉलिसी आहे, चार हप्ते भरलेत, ती मोडायची नाही. कमी पडणाऱ्या दीड लाखासाठी सोने गहाण ठेवू की पर्सनल लोन घेऊ?

उत्तर : दोन्ही नको, कारण तुम्हाला दीड लाख नाही, जवळपास चार लाख कमी पडताहेत.

आठ तासांच्या पाळीत सेटिंग, जॉब बदलणे, मापे तपासणे धरून प्रत्यक्ष कटिंग पाच तासच होते. महिन्याचे २५ दिवस धरले तर ५० हजार. त्यातून भाडे १८, वीज ८, इन्सर्ट आणि कूलंट ६, हेल्पर १४, म्हणजे ४६ हजार गेले. तुमच्या हाती ४ हजार. दुसरी पाळी लावली, ऑपरेटर ठेवला, तरी २०-२१ हजारच उरतील. आज पगार ३२ आहे.

आता ९० दिवस. जानेवारीत केलेल्या कामाचे बिल महिनाअखेर, पैसे एप्रिलअखेर. चार महिने शेडचे ४६ आणि घरचे २५ हजार खिशातून, म्हणजे पावणेतीन-तीन लाख. वर क्रेन, लेव्हलिंग, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर यांना दीड लाख. कर्ज काढून हे भरले तर पहिला हप्ता पहिल्या वसुलीआधी येईल.

९० दिवस मान्यच करू नका. उद्यम नोंदणी मोफत होते. ती केलेल्या लघुउद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यावेत, असे २००६चा एमएसएमई कायदा सांगतो. उशीर झाला तर प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत कंपनीला त्या खर्चाची करवजावट मिळत नाही. हे आधीच बोला, नंतर भांडण्याची ताकद छोट्या शेडवाल्याकडे उरत नाही.

पॉलिसीचा मला खरा राग येतो. २.४० लाख भरलेत, परतावा बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास, आणि विमा जेमतेम सहा लाखांचा असेल. धंद्यात उतरणाऱ्याच्या घराला सहा लाख कशाला पुरणार? आधी एक कोटीची टर्म पॉलिसी घ्या, साधारण १५ हजारांच्या आत बसते. ती हाती आल्यावर या पॉलिसीचे हप्ते थांबवून ती पेड-अप करा, म्हणजे भरलेल्या पैशांपुरती ती मुदतीपर्यंत चालू राहील. आज मोडली तर साधारण निम्मेच परत मिळतील, म्हणून मोडू नका; पण हप्ते भरत राहायची सक्ती मात्र नाही.

मशीन या वर्षी घेऊ नका. भोसरीत रिकाम्या पाळीचे तास भाड्याने देणारे शेड शोधा आणि नोकरी सांभाळून याच कंपनीचे दोन-तीन लॉट तिथे काढा. रेट ४०० टिकतो का, पैसे किती दिवसांनी येतात, नाकारलेल्या जॉबचा भुर्दंड कोणावर पडतो, हे कळेल. मग जुनी व्हीएमसी पाहायला जाल तेव्हा स्पिंडल अर्धा तास पूर्ण वेगाने फिरवा, गरम झाल्यावर टेस्ट बारला डायल लावा आणि तुमचाच जॉब कापून मागा.